जेवण तेवढंच, मग वजन कुठून? कपातला हिशोब तपासून द्या

रिकामी_किटली | सोमवार, रात्री ९:१२

घरातल्या एका माणसाचा (वय ४४, सिंहगड रोड ते हिंजवडी, दिवसभर खुर्ची) दिवसाचा हिशोब मांडतेय. जेवण मोजून झालंय: दोन वेळच्या पोळ्या, भाजी, आमटी, भात. त्यात काढण्यासारखं काही नाही. तरी पट्ट्याचं भोक सरकतंय. मग राहतं ते पेयांचं.

सकाळी साडेसहाला घरचा चहा, मोठा मग, निम्मं दूध, दोन चमचे साखर. साडेदहाला आणि चारला ऑफिसच्या मशीनचा चहा, कागदी कप. डबा खाऊन झाल्यावर आंब्याचं छोटं टेट्रापॅक, २०० मिली. संध्याकाळी साडेसहाला घरी निघताना अमृततुल्य, एक कप.

फोनमधल्या ॲपमध्ये 'चहा, १ कप' टाकलं की ३० कॅलरी दाखवतं. म्हणजे चार चहांचे १२०. आंब्याचा रस फळ म्हणून सोडून दिला. १२० कॅलरी म्हणजे एक पोळी आणि वर घास. एवढ्यानं काय बिघडतं? हिशोबात चूक असेल तर कुठे, ते सांगा.

---

खडकवासला_१०० | सोमवार, रात्री ९:२०

ॲपमधला 'एक कप चहा' ज्यानं मोजला, त्यानं दूध लांबून दाखवलं असणार.

---

वजनकाटा | सोमवार, रात्री १०:०५

किटलीताई, चूक चार ठिकाणी आहे आणि चारही एकाच बाजूला झुकतात, म्हणून आकडा एवढा लहान दिसतोय.

आधी घरचा मग. मोठा मग म्हणजे साधारण २०० मिली, निम्मं दूध म्हणजे १०० मिली. पिशवी कुठली ते लिहिलं नाहीत. म्हशीचं किंवा फुल क्रीम, ६ टक्के फॅटचं असेल तर १०० मिलीला ९० कॅलरींच्या आसपास. गायीचं साडेतीन टक्क्यांचं असेल तर ६५. टोन्ड असेल तर ५८. मी ९० धरतो. साखरेचे 'दोन चमचे' हा सगळ्यात फसवा आकडा. सपाट चमच्यात ४ ते ५ ग्रॅम बसते. डब्यातून शीग लावून काढलेल्या चमच्यात ७, कधी ८ सुद्धा. दोन शिगोशीग म्हणजे १४ ग्रॅम, ग्रॅमला ४ प्रमाणे ५६. एकूण मग जवळपास १४५ कॅलरींचा. ॲपचे ३० इथेच संपले.

मशीनच्या चहात पावडर येते. एका कपाला १४ ग्रॅमच्या आसपास धरा. पाकिटाच्या पाठीमागे १०० ग्रॅमची कॅलरी छापलेली असते, बहुतेकांची ४०० च्या वर. म्हणजे कपाला ६०, त्यात साखर अंदाजे ८ ग्रॅम. दोन कपांचे १२०.

आंब्याचं टेट्रापॅक फळ म्हणून सोडू नका. त्यात १०० मिलीला १४ ग्रॅमच्या घरात साखर असते. २०० मिलीत २८ ग्रॅम, म्हणजे ११५ कॅलरी.

अमृततुल्यचा कप लहान, ९० मिली धरू. निम्मं दूध, साखर ९ ग्रॅम हा माझा अंदाज. ७५ कॅलरी.

बेरीज करा: १४५, १२०, ११५, ७५. झाले ४५५. तुमच्या भाषेत साडेचार पोळ्या, फक्त त्या ताटात दिसत नाहीत. साखर मोजली तर १४, १६, २८ आणि ९, एकूण ६७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

---

रिकामी_किटली | सोमवार, रात्री १०:१४

म्हशीचंच. आणि चमचा शिगोशीगच. बोलती बंद.

पण आंब्याचं फळ नाही हे कसं? पाकिटावर अख्खे दोन आंबे काढलेत की!

---

निवृत्त_रसायन | सोमवार, रात्री १०:४०

पाकिटावर आंबे काढायला चित्रकार लागतो, आंबा नाही. मागची बाजू वाचा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. आंब्याच्या पेयावर बहुधा आधी पाणी येतं, मग आंब्याचा गर आणि साखर पुढेमागे. फळाच्या तयार पेयात रस किंवा गर किमान १० टक्के असला तरी नियमात बसतं, लिंबाच्या पेयाला तर ५ टक्केच पुरतात. उरलेल्या गोडीचं काम साखर करते.

आता 'ज्यूस' लिहिलेल्या डब्यांबद्दल. बरेचसे आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेले असतात. त्यांच्यावर '१०० टक्के फळांचा रस' छापायचं. जून २०२४ मध्ये खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयनं तो दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितला, आधी छापून ठेवलेली पाकिटं संपवायला १ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. त्याच पत्रात आठवण करून दिली होती की रसात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली तर 'गोड केलेला रस' असं लिहायला हवं.

लोक गफलत करतात ती 'साखर घातलेली नाही' या शब्दांपाशी. ते खरं असू शकतं. पण संत्र्याचा बिनसाखरेचा रस घेतला तरी १०० मिलीला ८ ते १० ग्रॅम साखर त्याची स्वतःची असते. पिळून रस काढला की ती साखर चोथ्यातून सुटी होते, आणि जागतिक आरोग्य संघटना तिला घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते. दुधातली साखर मात्र त्या खात्यात येत नाही.

म्हणून लेबलवर दोन ओळी बघायच्या: एकूण साखर आणि घातलेली साखर. आणि तिसरी गोष्ट, आकडा १०० मिलीचा आहे की एका 'सर्व्हिंग'चा. कोल्ड्रिंकची ६०० मिलीची बाटली कोणी तीन जणांत वाटत नाही. १०० मिलीला साडेदहा ग्रॅम दिसतं ते बाटलीत ६३ होतं.

---

गुळाचा_खडा | सोमवार, रात्री ११:०२

सगळा दोष साखरेचा. आमच्याकडे गुळाचा चहा. गूळ नैसर्गिक, त्यात लोह असतं, वजन वाढत नाही. किटलीताई, साखर बंद करून गूळ सुरू करा, प्रश्न मिटला.

---

वजनकाटा | मंगळवार, सकाळी ७:१५

खडेराव, अर्धं बरोबर. गुळात थोडी खनिजं असतात हे मान्य. पण १०० ग्रॅम गुळाला ३८० च्या आसपास कॅलरी, साखरेला ४००. फरक एवढाच. वर गूळ साखरेपेक्षा कमी गोड, त्यामुळे तीच गोडी यायला हात जास्त सुटतो आणि तो फरकही जातो. गुळाच्या चहाचं वजन ओतणाऱ्याच्या हातात असतं, गुळात नाही.

लोहाचं म्हणाल तर चहातली द्रव्यंच जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको म्हणतात. लोहासाठी गुळाचा चहा म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं काढून घ्यायचं.

---

गुळाचा_खडा | मंगळवार, सकाळी ७:४८

चव तरी चांगली लागते की नाही? तेवढं द्या.

---

एरंडवण्याची_मावशी | मंगळवार, सकाळी ८:०५

चव चांगली, पण दूध फाटतं त्याचं काय? गूळ घातला की दर दोन दिवसाआड भांड्यात पनीर.

---

गुळाचा_खडा | मंगळवार, सकाळी ८:१०

मावशी, गूळ दुधाबरोबर उकळायचा नाही. गुळाला किंचित आंबटपणा असतो, उकळत्या दुधाला तो सोसत नाही. चहा पूर्ण झाला, गॅस बंद केला, मिनिटभर थांबलं की किसलेला गूळ घालून ढवळायचं. किंवा गूळ कपात आणि वरून चहा गाळायचा. यात मी तज्ज्ञ आहे, कॅलरीत नसेन.

---

तिसरा_मजला | मंगळवार, सकाळी ९:३०

मला वजनकाटांचा हिशोब पटला, पण दूध आणि साखर एका पंगतीला बसवणं पटलं नाही. ४५५ पैकी १८५-१९० कॅलरी दुधाच्या आहेत. शाकाहारी घरात दिवसाचं प्रथिन कुठून येतं? दुधातूनच. त्या १०० मिली म्हशीच्या दुधात साडेतीन-चार ग्रॅम प्रथिन आहे, कॅल्शियम आहे. त्याला 'चोरून आलेल्या कॅलरी' म्हणणं म्हणजे पाहुण्याला चोर म्हणण्यासारखं. साखर काढा, दुधाला हात लावू नका.

---

वजनकाटा | मंगळवार, सकाळी ९:५२

दूध वाईट असं मी म्हटलं नाही. ते मोजलं गेलं नव्हतं, एवढंच. पण चहातून प्रथिन घ्यायचं तर दिवसाला चार मग प्यावे लागतील आणि प्रत्येकाबरोबर साखर येईल. तेच दूध विरजून वाटीभर दही जेवणात घ्या. प्रथिन तेच, घातलेली साखर शून्य, आणि पोट भरल्याचं कळतं तरी.

---

तिसरा_मजला | मंगळवार, सकाळी ९:५५

दह्यावर सहमत. चहातल्या दुधावर नाही. आपण आपापला कप प्यावा.

---

खडकवासला_१०० | मंगळवार, सकाळी १०:३०

'पोट भरल्याचं कळतं' यावर एक शंका. मस्तानी चमच्यानं खातात आणि नळीनं पितात. ती द्रवात धरायची की घनात? सदाशिव पेठेच्या हद्दीवर हा खटला प्रलंबित आहे.

---

वजनकाटा | मंगळवार, सकाळी ११:१०

थट्टेत खरा प्रश्न विचारलात.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात २००० साली एक छोटा प्रयोग झाला होता. पंधरा माणसं. चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या, आणि वेगळे चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं गोड सोडापाणी. गोळ्या खाताना लोकांनी आपणहून बाकीचं खाणं तेवढं कमी केलं. सोडापाणी पिताना केलंच नाही, ते जेवणावर वाढीव जमा झालं. दोन्हीकडे साखरच होती. फरक बहुधा चावण्याचा आणि पोटातून पुढे सरकण्याच्या वेगाचा. पंधराच माणसं, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत, पण किटलीताईंच्या घरातला दिवस नेमका असाच आहे. ४५५ प्यायले तरी रात्री पोळी एकानं कमी झालेली नाही.

दाट पेय पातळापेक्षा जास्त वेळ पोटात राहतं. म्हणून मस्तानीनंतर जेवण कमी जातं, कोल्ड्रिंकनंतर जात नाही. पण मस्तानीत दाट दूध, साखर, सिरप आणि वर आइस्क्रीमचा गोळा. जेवण एका पोळीनं कमी केलंत तरी हिशोब लागत नाही. जेवणाऐवजी घ्या, जेवणानंतर नको.

---

खडकवासला_१०० | मंगळवार, सकाळी ११:१४

निकाल मान्य. रविवारी दुपारचं जेवण रद्द.

---

एरंडवण्याची_मावशी | मंगळवार, दुपारी १:२०

हे सगळं वाचून मी घाबरले. आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. कधी कधी साखर एकदम उतरते, घाम येतो, हात थरथरतात. तेव्हा आम्ही पटकन दुधाचा गोड चहा करून देतो. ज्यूस घरात ठेवायचा नाही तर मग द्यायचं काय?

---

निवृत्त_रसायन | मंगळवार, दुपारी १:४५

मावशी, तुमचा प्रश्न धाग्याच्या उलट्या टोकाचा आहे, पण महत्त्वाचा. इथे ज्याला आपण नावं ठेवतोय तेच तिथे औषध आहे.

साखर उतरली की १५ ग्रॅम झटपट लागणारी साखर द्यायची: तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा कप, म्हणजे १२० मिलीच्या आसपास, गोड ज्यूस किंवा साधं कोल्ड्रिंक. डाएट लिहिलेलं नको, त्यात साखरच नसते. दुधाचा चहा नको, कारण एकतर तो करण्यात वेळ जातो आणि दुधातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. चॉकलेट-पेढाही त्याच कारणानं नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. सावरल्यावर पोळी-भात काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि वरचेवर उतरत असेल तर इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात, एक टेट्रापॅक औषधाच्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे ते नातवंडांचं होतं.

---

एरंडवण्याची_मावशी | मंगळवार, दुपारी १:५१

इतकी वर्षं चहाच देत होतो. कपाटात ठेवते आजच.

---

ब्रिक्सवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

नारायणगावचा, द्राक्षवाला. आमच्याकडे घडाची गोडी बघायला हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर असतं. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, पट्टीवर आकडा दिसतो. १८ दिसलं म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. ज्यूससाठी चांगलं चालतं. आंब्याचं पेय १४-१५ दाखवतं. रसवंतीचा उसाचा रस बर्फ न घालता हंगामात १८-२० पर्यंत जातो, बर्फ वितळला की खाली येतो. पण २५० मिलीचा ग्लास घेतला तर बर्फासकट ३० ग्रॅमच्या वर साखर पोटात.

कोल्ड्रिंक मोजायचं तर आधी ढवळून गॅस घालवा, बुडबुड्यांनी रेघ नीट दिसत नाही.

चहाचा आकडाही असाच घ्यावा. दोन थेंब अमृततुल्यचे.

---

निवृत्त_रसायन | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

चहाला नाही चालायचं, दादा. तो काटा साखर ओळखत नाही, विरघळलेलं सगळं मोजतो. दुधातली लॅक्टोज, प्रथिनं, क्षार, सगळं त्यात येतं, आणि दुधाच्या गढूळपणामुळे रेघही पुसट होते. नुसतं बिनसाखरेचं दूध टाकून बघा, तेही ८-९ च्या आसपास काहीतरी दाखवेल. ज्यूसमध्येही आंबटपणा थोडा मोजला जातो, पण तिथे चूक किरकोळ.

---

ब्रिक्सवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

बरोबर. मी दुधाचं धरलंच नव्हतं. मग अमृततुल्यचे ९ ग्रॅम कुठून आले, वजनकाटा?

---

वजनकाटा | मंगळवार, रात्री ८:२०

जिभेवरून, आणि त्यात दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात. पद्धत अशी. घरी ९० मिलीच्या तीन कपांत तोच चहा, निम्म्या दुधाचा, ओतायचा. एकात ५ ग्रॅम, एकात ८, एकात ११ साखर काट्यावर मोजून. अमृततुल्यचा चहा थर्मासमधून घरी आणायचा आणि चारही कप सारखेच गरम असताना चाखायचे. गरम असताना हे महत्त्वाचं, कारण तीच साखर गरम पेयात जास्त गोड लागते आणि थंडात कमी. कोमट झालेलं कोल्ड्रिंक म्हणूनच असह्य गोड लागतं, आणि कंपनीला थंडगार बाटलीत एवढी साखर घालावी लागते.

अमृततुल्यला 'साखर कमी' सांगून उपयोग नसतो, कारण पातेल्यात साखर आधीच उकळलेली असते. काही ठिकाणी वेगळा बिनसाखरेचा करून देतात, विचारा. नाहीतर कटिंग घ्या. कपच लहान केला की कुणाशी वाद घालावा लागत नाही.

---

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ८:३२

पुण्यात वाद न घालता चहा? टपरी बंद पडेल.

---

गुळाचा_खडा | मंगळवार, रात्री ९:००

बरं, मग कोकम सरबत तरी सोडाल का? पित्तावर उत्तम, उन्हाळ्यात घरोघरी. त्यात कुठली आली साखर?

---

निवृत्त_रसायन | मंगळवार, रात्री ९:२५

खडेराव, बाटली कुठली त्यावर आहे. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेलं. सिरप या नावाखाली विकायचं तर त्यात विरघळलेले घटक किमान ६५ टक्के हवेत, आणि ते जवळजवळ सगळे साखरच. ३० मिली सिरप पेल्यात घातलंत की २५ ग्रॅमच्या घरात साखर गेली. दिवसाचा कोटा एका पेल्यात.

आगळ वेगळं. ते कोकमाचा रस आणि मीठ, साखर नाही. दोन चमचे आगळ, गार पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर सपाट चमचाभर साखर. मीठ वरून घालू नका, आगळात असतंच. रक्तदाबवाल्यांनी तेही जपून.

---

गुळाचा_खडा | मंगळवार, रात्री ९:३१

आज मी सगळीकडे हरतोय. आगळ आणतो.

---

रिकामी_किटली | बुधवार, सकाळी १०:१०

सगळं वाचलं. आता प्रश्न: काय बदललं तर खरंच फरक पडेल? सगळा चहा बंद हे या घरात होणार नाही, त्यापेक्षा घटस्फोट सोपा.

---

वजनकाटा | बुधवार, दुपारी १२:४०

सगळा नकोच. तीन बदल करा. घरच्या मगात साखर एक सपाट चमचा, म्हणजे १४ ची ५ ग्रॅम. ३६ कॅलरी वाचल्या. आंब्याच्या टेट्रापॅकच्या जागी पाणी, ११५ वाचल्या. मशीनचा चारचा चहा बंद, ६०. झाल्या २१० च्या आसपास. साखर ६७ वरून २२ ग्रॅमवर येते. अमृततुल्यला हात लावलेला नाही, घर टिकेल.

मगातली साखर एकदम पाडू नका, आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या. आणि उकळणं बघा. पावडर पाच-सात मिनिटं खळखळवली की चहा कडवट-तुरट होतो, मग तो झाकायला साखर आणि दूध दोन्ही वाढतं. पाण्यात आलं उकळून घ्या, पावडर घातल्यावर दोन मिनिटं, मग दूध, एक उकळी, गाळा. तुरटपणा कमी झाला की अर्धी साखर मागितलीच जात नाही.

वजनाचं गणित लोक असं करतात: २१० गुणिले ३६५ भागिले ७७००, म्हणजे वर्षात १० किलो. तसं होत नाही. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. जास्त खरा ठोकताळा असा की रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरतं, आणि त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात. त्या हिशोबानं २१० ला शेवटी आठ-नऊ किलो, वर्षात चारेक. तेही पोळी किंवा फरसाण चारच्या जागी शिरलं नाही तर.

---

खडकवासला_१०० | बुधवार, दुपारी १२:५५

चारच्या चहाच्या जागी बिस्कीट येणार. हे माझं भाकीत, लेबल लावून ठेवा.

---

ब्रिक्सवाला | बुधवार, दुपारी २:३०

साखरेऐवजी त्या छोट्या गोड गोळ्या टाकल्या तर? कॅलरी शून्य.

---

निवृत्त_रसायन | बुधवार, दुपारी ३:०५

कॅलरी नाहीत हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन उतरवण्यासाठी यांच्यावर भिस्त ठेवू नका. मधुमेह आधीच असलेल्यांना ती सूचना लागू नाही. मी स्वतः मगातली साखर कमी करायच्या बाजूचा, कारण गोळ्यांनी जीभ तेवढीच गोड मागत राहते.

---

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी ३:१२

जीभ मागत राहते याला पुरावा काय? मला तरी दोन गोळ्यांचा चहा ६७ ग्रॅम साखरेपेक्षा बरा वाटतो. सूचनाही सशर्त होती, ठाम नव्हती.

---

निवृत्त_रसायन | बुधवार, दुपारी ३:२०

सशर्त होती, मान्य. जिभेचं माझं मत आहे, पुरावा म्हणून नका घेऊ.

---

वजनकाटा | बुधवार, रात्री ९:४०

किटलीताई, कप कप मोजून माणूस आठवड्यात कंटाळतो. सोपी पद्धत सांगतो. सोमवारी सकाळी साखरेचा डबा झाकणासकट काट्यावर ठेवा, आकडा झाकणाच्या आत लिहा. आठवडाभर दुसऱ्या पिशवीतून काही घालायचं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तोला. फरकाला सातानं भागा, मग घरातल्या माणसांनी. शिरा-खीर झाली तर ती साखर वेगळी तोलून वजा करा. चमच्याबद्दल कोणी खोटं बोलेल, डबा बोलत नाही.

---

रिकामी_किटली | पुढचा सोमवार, रात्री ९:०५

डबा तोलला. आठवड्यात १ किलो ४० ग्रॅम गेले. शनिवारच्या शिऱ्याचे २०० वजा केले, उरले ८४०. चार माणसं, सात दिवस. माणशी ३० ग्रॅम. आणि हे फक्त घरातलं, ऑफिसचं आणि अमृततुल्यचं डब्यात येतच नाही.

एक गंमत कळली. ज्याच्यासाठी धागा काढला त्याचा घरचा एकच मग, १४ ग्रॅमचा. म्हणजे त्याच्या वाटची साखर बहुतेक बाहेरची आहे, आणि घरातली आम्ही तिघं पितोय. सासऱ्यांचे दिवसात चार चहा, माझे तीन. मुलाच्या दुधातल्या चॉकलेट पावडरचा डबा तर अजून तोललाच नाही.

आंब्याचं टेट्रापॅक गुरुवारपासून बंद. चारचा चहाही बंद. चारला बिस्किटं सुरू झालीत.

---

खडकवासला_१०० | पुढचा सोमवार, रात्री ९:०८

लेबल कुठे आहे माझं?

---

वजनकाटा | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

किती बिस्किटं? आणि त्या चॉकलेट पावडरच्या डब्याच्या मागे 'घातलेली साखर' या ओळीपुढे काय लिहिलंय ते इथे टाका. तो डबा वेगळा तोला, साखरेच्या डब्यात मिसळू नका.